क्रिएटिनचा डबा लपवण्याची गरज नाही

“परदेशी जाताना क्रिएटिन अजिबात नेऊ नका, पांढरी पावडर दिसली की ड्रग्ज समजून आत टाकतात. न्यायचीच असेल तर कंपनीचा डबा फेकून साध्या पिशवीत बांधा, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या खाली दडवा, कोणी विचारले तर पिठीसाखर किंवा औषध आहे म्हणून सांगा. सगळ्यात चांगले म्हणजे कॅप्सूलमध्ये भरा, शंकाच येत नाही.”

हा मजकूर गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे जिममधल्या मुलांनी वीसेक वेळा तरी पाठवला आहे. छत्रपती संभाजीनगरात मी जिम चालवतो आणि इथून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर जाणारी मुले जाण्याआधी हमखास हा प्रश्न घेऊन येतात. मजकुरातला पहिला भाग भीती घालतो आणि दुसरा भाग त्या भीतीवर जो उपाय सांगतो, त्यानेच माणूस अडचणीत येतो, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी क्रिएटिनच्या कायदेशीर स्थितीविषयी. क्रिएटिन मोनोहायड्रेट हा अमली पदार्थ नाही. ते आपल्या शरीरात तयार होते आणि मांस-मासळीतूनही मिळते. भारतात ते व्यायाम करणाऱ्यांसाठीचे अन्नपूरक म्हणून उघड विकले जाते आणि त्याच्या डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक छापलेला असतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, प्रतिबंधित यादीतही ते नाही. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात ते दुकानात सहज मिळते. तेव्हा केवळ क्रिएटिन सापडले म्हणून कोणी अटक करील, हे म्हणणे निराधार आहे. अडवणूक होते ती वेगळ्या कारणाने, आणि ते कारण समजण्यासाठी तपासणीच्या यंत्रात काय दिसते हे माहीत असायला हवे.

सुरक्षा तपासणीतले एक्स-रे यंत्र वस्तूची घनता आणि तिच्यातल्या घटकांचे स्वरूप पाहून तिला रंग देते. धातू निळसर दिसतात, तर अन्न, कापड, साबण, कागद यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. क्रिएटिन नारिंगी दिसते, ज्वारीचे पीठ नारिंगी दिसते, आणि बरीचशी स्फोटकेही त्याच रंगात येतात. पडद्यासमोर बसलेल्या जवानाला दाट, एकजीव, नारिंगी ठोकळा दिसला, तर त्याने बॅग उघडायला लावणे हे त्याचे रोजचे काम आहे. आईने दिलेला येसराचा किंवा मेतकुटाचा पुडा असला तरी तो हेच करील. त्यानंतर बहुधा एका कापडी पट्टीने डब्याच्या बाहेरून पुसून ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घालतात. ते यंत्र प्रामुख्याने स्फोटकांचे सूक्ष्म अंश शोधते. क्रिएटिनमुळे ते वाजण्याचे काही कारण नाही, मात्र नायट्रेट असलेल्या खतांचे कण किंवा ग्लिसरीन असलेले लोशन यामुळे ते वाजू शकते. आपल्याकडच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण गावाकडच्या घरात प्रवासाची बॅग पुष्कळदा त्याच खोलीत पडलेली असते, जिथे कपाशीसाठी आणलेली खताची गोणी उघडी असते. बॅग आणि डबा निघण्याच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यावा, आणि खत हाताळलेल्या हाताने सामान भरू नये.

आता डबा फेकून देण्याच्या सल्ल्याविषयी. या मजकुरातली सर्वांत घातक सूचना हीच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारा जिंतूरजवळचा एक मुलगा शिक्षणासाठी निघाला होता. सामानात जागा वाचावी म्हणून घरच्यांनी त्याचे क्रिएटिन डब्यातून काढून दोन पारदर्शक पिशव्यांत भरले, वर रबर लावले आणि त्या पिशव्या चटण्यांच्या पुड्यांशेजारी ठेवल्या. एका विमानतळावर त्याला बाजूला घेतले. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, “ये क्या है?” घाबरून मुलगा म्हणाला, “दवा है.” पुढचा प्रश्न अर्थातच डॉक्टरांच्या चिठ्ठीचा होता आणि चिठ्ठी नव्हती. मग तो म्हणाला, “जिम का पावडर है.” एकाच पिशवीविषयी दोन मिनिटांत दोन उत्तरे आल्यावर अधिकाऱ्याचा विश्वास उडाला. सगळी बॅग रिकामी करून तपासली गेली, पट्टी पुसली गेली, वरिष्ठांना बोलावले गेले. मोबाईलमध्ये खरेदीचे बिल सापडले म्हणून तो सुटला, विमान थोडक्यात मिळाले, पण दोन्ही पिशव्या त्याला तिथेच सोडाव्या लागल्या. पदार्थ तोच, मुलगा तोच. नाव नसलेली पिशवी आणि बदललेले उत्तर, एवढ्यावरून सारे घडले.

नाव नसलेली पांढरी भुकटी पाहून ती काय आहे हे कोणालाही सांगता येत नाही. क्रिएटिनला वास नसतो, चव जवळपास नसते, ते थंड पाण्यात नीट विरघळतही नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे रंग बदलणारी झटपट चाचणी असते, परंतु ती प्राथमिक असते, निरुपद्रवी पदार्थांवरही ती कधी कधी चुकते, आणि अंतिम निर्णय प्रयोगशाळेतच होतो. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबावे लागणे, हीच खरी शिक्षा ठरते. याउलट, कंपनीचे सील शाबूत असलेला डबा, त्यावर पदार्थाचे नाव, घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असेल, तर अधिकाऱ्याच्या मनातल्या बहुतेक प्रश्नांना डबाच उत्तर देतो. बिलाची छापील प्रत डब्यासोबत ठेवावी. डबा आधीच उघडलेला असला तरी तोच न्यावा. उघडलेल्या डब्यालाही लेबल असते आणि पिशवीला नसते.

कपड्यांत दडवण्याने काही साधत नाही, कारण मोठी बॅगही एक्स-रेमधून जाते आणि जीन्सच्या घडीत गुंडाळलेला ठोकळा यंत्राला तितकाच स्पष्ट दिसतो. फरक इतकाच की तिथे तुम्ही हजर नसता. बॅग संशयास्पद वाटली तर तुम्हाला बोलावले जाते, किंवा काही देशांत तुमच्या गैरहजेरीत बॅग उघडून पाहिली जाते, आणि मुद्दाम गुंडाळलेली वस्तू सापडली तर ती लपवलेली मानली जाते. मोठा डबा मोठ्या बॅगेतच न्यावा हे खरे, पण तो वरच्या थरात, लेबल वर करून, झाकणाला चिकटपट्टी लावून आणि सांडू नये म्हणून पारदर्शक पिशवीत ठेवावा.

डबा हातातल्या बॅगेत नेणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा, तो म्हणजे 350 मिलीलिटर. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने 2018 पासून हातातल्या सामानातील एवढ्याहून अधिक भुकटीची वेगळी तपासणी सुरू केली. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ती भुकटी काय आहे याची खात्री पटली नाही, तर ती केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. हा आकडा वजनाचा नाही, आकारमानाचा आहे. साधारण एका सॉफ्ट ड्रिंकच्या कॅनएवढा. घरी चहाच्या चमच्याने मोजून पाहिले तर सपाट चमचाभर, म्हणजे 5 मिलीलिटर क्रिएटिन तीन-चार ग्रॅम भरते. त्यामुळे 250 ग्रॅमच्या डब्यातला माल 350 मिलीलिटरच्या आसपास किंवा थोडा वरच जातो, आणि डबा तर त्याहून मोठा असतो. शिवाय ही तपासणी अमेरिकेचे विमान जिथून सुटते त्या शेवटच्या विमानतळावर होते, म्हणून मुंबईत चालले ते वाटेतल्या विमानतळावर थांबू शकते. माझा सल्ला असा की चिकलठाण्याहून मुंबई आणि मुंबईहून पुढे जाताना हातातल्या बॅगेत क्रिएटिन ठेवूच नये. रोज 5 ग्रॅम घेणाऱ्याला 250 ग्रॅमचा एक डबा 50 दिवस पुरतो. तिथे उतरल्यावर ते दुकानात मिळतेच, तेव्हा चार-पाच डबे नेण्यात अर्थ नाही. मोठा साठा पाहून विक्रीसाठी आणले का, हा प्रश्न येतो आणि तो प्रश्न रास्त असतो.

खोटे बोलण्याविषयी मी फार लिहीत नाही. पिठीसाखर सांगितलेली वस्तू पिठीसाखर निघाली नाही, तर साधी वस्तूही गुन्ह्यासारखी दिसू लागते. “क्रिएटिन मोनोहायड्रेट, व्यायामासाठीचे अन्नपूरक, माझ्या वापरासाठी” एवढे एक वाक्य इंग्रजीत पाठ करावे आणि प्रत्येक टेबलावर तेच सांगावे. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थ आहेत का असे विचारलेले असते. तिथे “होय” लिहून डबा दाखवावा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, न सांगितल्यास दंड होऊ शकतो.

कॅप्सूलची युक्ती तर उलटी पडते. रिकाम्या कॅप्सूल आणून घरी भरल्या, तर त्यांच्यावर ना छाप असतो ना नाव, आणि हातांनी भरलेल्या शेदोनशे कॅप्सूल पाहून अधिकाऱ्याच्या मनात भुकटीपेक्षा जास्त शंका येते. कॅप्सूलच हव्या असतील तर कंपनीने भरलेल्या, सीलबंद बाटलीतल्या घ्याव्यात.

ज्याची खरी काळजी करायला हवी, त्याचा या मजकुरात उल्लेखही नाही. क्रिएटिनच्या नावाखाली मुले पुष्कळदा ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणाचा डबा नेतात, आणि त्यात क्रिएटिनसोबत काय काय असते हे त्यांनी वाचलेले नसते. डीएमएए नावाचे उत्तेजक अशा मिश्रणांत सापडलेले आहे आणि ऑस्ट्रेलियासह काही देशांत त्याला बंदी आहे. गांजाच्या झाडापासून काढलेले सीबीडी असलेले पूरक काही देशांत विकले जाते, परंतु आखाती देशांत ते महागात पडते. तिथले नियम आपल्या कल्पनेपेक्षा कडक आहेत. आपल्या प्रत्येक घरात असणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत नेता येत नाही, आणि ते माहीत नसलेल्या आया लाडवाच्या सामानासोबत ती सहज बांधून देतात. म्हणून दुबईला निघालेल्या मुलाचे सामान भरताना मी क्रिएटिनच्या डब्याकडे एकदाच पाहतो, घटकांच्या यादीत केवळ क्रिएटिन मोनोहायड्रेट लिहिले आहे याची खात्री करतो, आणि नंतर स्वयंपाकघरातून आलेली एक-एक पुडी उघडून त्यात खसखस नाही ना, हे तपासतो.