शंभर टक्के जुळलेलं वाक्यसुद्धा वाचावं लागतं

प्रतिक्रिया:
"करारात एकेक शब्द तोलून लिहिलेला असतो, आणि तुम्ही म्हणता जुन्या करारातली वाक्यं सॉफ्टवेअरने उचलून आणावीत. उद्या चुकीचं कलम गेलं तर काय सॉफ्टवेअर जाब देणार? मी पंधरा वर्षं वर्डमध्ये जुनी फाईल उघडतो, नावं शोधून बदलतो आणि काम पूर्ण करतो. माझं कधी अडलं नाही. हे सगळे आळशीपणाचे चोचले आहेत."

उत्तर:
आळशीपणाचा आरोप अर्धा मान्य. मागच्या लेखात मी इंग्रजी करारांच्या मराठी भाषांतरासाठी ट्रान्सलेशन मेमरी वापरा असं सुचवलं होतं, म्हणजे आधी भाषांतरित केलेली वाक्यं साठवून तशीच वाक्यं पुन्हा आली की पुढे करणारं सॉफ्टवेअर. त्यात मी लिहिलं होतं की जुन्या वाक्याशी शंभर टक्के जुळलेल्या वाक्यांकडे पुन्हा बघायची गरज नाही. ते चूक होतं, आज काढून टाकलं. पण ते चूक का होतं, ते नीट सांगायला हवं, कारण तुमच्या वर्डच्या पद्धतीतही तोच खड्डा आहे आणि तिथे तो दिसतसुद्धा नाही.

ट्रान्सलेशन मेमरी कलमं साठवत नाही. ती वाक्यांच्या जोड्या साठवते. एका साधनातून दुसऱ्यात नेण्यासाठी मेमरीची टीएमएक्स फाईल काढली, तर आत साधारण असं दिसतं:

```xml
<tu>
  <tuv xml:lang="en"><seg>It shall not be transferred to any third party.</seg></tuv>
  <tuv xml:lang="mr"><seg>ती कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीकडे हस्तांतरित करता येणार नाही.</seg></tuv>
</tu>
```

ही जोडी माझ्याच एका पुरवठा करारातली. मूळ कलम अनामत ठेवीचं होतं, म्हणून 'ती'. त्याच कराराच्या परिशिष्टात वापर-परवान्याच्या कलमाखाली तेच इंग्रजी वाक्य अक्षर न अक्षर आलं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने शंभर टक्के जुळणी. त्याने भाषांतर आपोआप भरलं आणि परवान्याखाली 'ती' जाऊन बसली. आता त्या परिच्छेदात वर शुल्काची रक्कमही होती. म्हणजे वाचणाऱ्याने 'ती' रकमेला लावली, तर परवाना हस्तांतरित करायला बंदी उरतच नाही. नुसती लिंगाची चूक नव्हती ही, कलमाचा अर्थच सरकला होता. इंग्रजीतलं 'इट' लिंग सांगत नाही, मराठीला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि वर कोणतं नाम आहे हे त्या जोडीत कुठेच नोंदलेलं नाही. छापील प्रत वाचताना सापडलं म्हणून निभावलं.

यावर साधनांमध्ये उपाय आहे, त्याला संदर्भ-जुळणी म्हणतात. वाक्य तर तेच हवं, शिवाय त्याच्या आजूबाजूची वाक्यंही तीच हवीत, तरच ती जुळणी खरी मानायची. काही साधनं तिला १०१ टक्के असा आकडा देतात, शंभरापासून वेगळी ओळखू यावी म्हणून. आता माझा नियम असा: वकिलांनी तपासून दिलेल्या मेमरीतून आलेली संदर्भ-जुळणी असेल, तरच वाक्य कुलूपबंद. बाकी शंभरची वाक्यं भरली जातात पण 'तपासायची' म्हणून उघडी राहतात. जुन्या, कुणाच्या तरी हाताखालून आलेल्या मेमरीवर मी दंडही लावतो, म्हणजे तिच्या प्रत्येक जुळणीतून काही टक्के वजा होतात. शंभरचं सत्त्याण्णव दिसलं की हात आपसूक थांबतो.

आणि परवान्याच्या त्या वाक्याचं काय केलं? 'सदर परवाना कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीकडे' असं नाम घालून लिहिलं. पण ते साधं जतन केलं असतं, तर पुढच्या वेळी ठेवीखाली 'परवाना' येऊन बसला असता, म्हणजे आधीपेक्षा वाईट. म्हणून ते फक्त त्या जागेपुरतं पर्यायी भाषांतर म्हणून जतन केलं. ओमेगाटी या मोफत साधनात त्यासाठी `Create Alternative Translation` अशी आज्ञा आहे.

तुम्ही म्हणता तो खरा धोका मात्र शंभरच्या खालीच दबा धरून असतो. पैसे कधी द्यायचे याचं कलम घ्या: खरेदीदाराने बीजकाच्या दिनांकापासून ३० दिवसांच्या आत रक्कम अदा करावी. इंग्रजीत हे चौदा शब्दांचं वाक्य आहे. नव्या करारात 'दिनांका'च्या जागी 'प्राप्ती' आली, बाकी तेरा शब्द तेच. नुसते शब्द मोजले तर ९३ टक्के जुळणी (प्रत्येक साधनाचा हिशोब थोडा वेगळा असतो). टक्का सांगतो की अक्षरं किती बदलली, जबाबदारी किती बदलली हे त्याला ठाऊक नसतं. 'शॅल'चं 'मे' झालं तरी टक्का जवळपास तेवढाच राहतो आणि बंधन मात्र सवलत होऊन बसतं. पण निदान साधन जुनं आणि नवं इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून बदललेला शब्द रंगवून दाखवतं. तुम्ही जुनी फाईल उघडून वर लिहीत जाता, तेव्हा हा फरक कोण दाखवतं? डोळेच ना? आणि ओळखीच्या वाक्यावरून डोळे घसरतात, माझे तरी घसरतात.

मुदतीचे आकडे हा आणखी एक सापळा. करारात 'तीस (३०) दिवस' असं अक्षरी आणि अंकी दोन्ही लिहितात. नव्या करारात पंचेचाळीस झाले की बरीच साधनं अंक आपणहून बदलतात, अक्षरं तशीच ठेवतात. हाती येतं 'तीस (४५) दिवस'. वाद झाला तर कोणता आकडा धरायचा, यावर दोन वकिलांची उपजीविका होईल. त्यामुळे करारांच्या कामात अंकांची आपोआप बदली मी बंदच ठेवतो.

आता तुमच्या शोधा-बदलाकडे येतो. समजा पहिल्या मसुद्यात 'विक्रेता' होता आणि अशिलाने सगळीकडे 'पुरवठादार' करायला सांगितलं. वर्डमध्ये 'विक्रेता' शोधलंत तर फक्त 'विक्रेता'च सापडेल. 'विक्रेत्याने', 'विक्रेत्यास', 'विक्रेत्याच्या' हे सगळे मागे राहतील, कारण सामान्यरूप होताना शब्दाचा शेवटच बदलतो. व्याख्येत पुरवठादार आणि सातव्या कलमात विक्रेत्याने, म्हणजे कागदावर तिसरा पक्षकार जन्माला आला. मी हे उलट्या बाजूने करतो. मूळ इंग्रजीतला शब्द शोधतो, कारण तो प्रत्येक विभक्तीत तसाच राहतो, आणि तो असलेली सगळी वाक्यं गाळून एकाखाली एक उघडतो. मग मराठी बाजू हाताने दुरुस्त करत जातो. पुन्हा पुन्हा येणारं वाक्य एकदाच दुरुस्त करावं लागतं, बाकीच्या ठिकाणी ते पसरतं. हो, चूकही तशीच पसरते, ठेवीच्या 'ती'सारखी.

इथेही एक गोची आहेच. शब्दसूचीत 'पुरवठादार' घातला आणि तपासणी चालवली, की 'पुरवठादाराने' पाहून काही साधनं 'सूचीतला शब्द सापडला नाही' अशी तक्रार करतात. साठ पानांच्या करारात अशा खोट्या तक्रारींचा ढीग पडतो, आणि कंटाळून सगळ्या एकदम फेटाळल्या की त्यात एखादी खरीही जाते. म्हणून सूचीत मी पूर्ण शब्दाऐवजी न बदलणारा भाग घालतो, 'पुरवठादार' तसाच चालतो पण 'विक्रेता'साठी 'विक्रेत'. साधन शब्दाची नुसती सुरुवात जुळवायला तयार असेल तरच हे जमतं.

जाब मलाच द्यावा लागणार, त्यात वाद नाही. म्हणून शेवटची प्रत मी साधनाबाहेर काढून, कागदावर, एकही इंग्रजी ओळ समोर न ठेवता वाचतो. 'ती' तशीच सापडली होती.