उपाशीपोटी ९४: एका प्रतिक्रियेला उत्तर

“डॉक्टर, तुमचा लेख वाचल्यापासून दोन रात्री झोप नाही. मला २६वा आठवडा आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची जीटीटी केली: उपाशीपोटी ९४, एका तासाने १६२, दोन तासांनी १२८. तुम्ही लिहिलंय की तीनपैकी एक जरी आकडा वर गेला तरी गरोदरपणातला मधुमेह. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिचाही एक आकडा वर होता, तिथल्या डॉक्टरांनी सोडून दिलं. गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, १४० च्या आत आहे, काही झालेलं नाही. मग खरं कोण? की धडधाकट बाईला पेशंट करायचा हा धंदा आहे? दोन आठवड्यांवर माझं डोहाळजेवण आलंय.”

झोप घालवल्याबद्दल आधी माफी मागते. ते वाक्य मी सुटं लिहायला नको होतं. “एक जरी आकडा वर” हा नियम फक्त उपाशीपोटी केलेल्या ७५ ग्रॅमच्या चाचणीचा आहे, आणि त्या चाचणीच्या स्वतःच्या आकड्यांनाच तो लागू होतो: उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३. तुमची चाचणी तीच आहे आणि तुमचा ९४ त्या रेषेच्या दोन पावलं पलीकडे आहे. तुमच्या नणंदेची चाचणी वेगळी, सिस्टरांची त्याहून वेगळी. तिघांनी तीन वेगळे प्रश्न विचारले, म्हणून तीन उत्तरं आली.

नणंदेपासून सुरुवात करू. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन तासाभराने साखर बघतात. ती जास्त निघाली तरच दुसऱ्या एखाद्या दिवशी उपाशीपोटी बोलावून १०० ग्रॅम देतात आणि चार वेळा रक्त घेतात. तिथल्या रेषा ९५, १८०, १५५ आणि १४०, आणि त्यातल्या दोन ओलांडल्या तरच निदान. या रेषांचं मूळ १९६४ सालच्या बोस्टनमधल्या कामात आहे. ओ'सुलिव्हन आणि महान यांनी ७५२ गरोदर बायकांच्या साखरेवरून त्या आखल्या, आणि त्यांचा प्रश्न होता की यातल्या कुणाला पुढच्या काही वर्षांत मधुमेह होईल. म्हणजे प्रश्न आईच्या भविष्याचा होता, पोटातल्या बाळाचा नव्हता. एखादा आकडा प्रयोगशाळेच्या चुकीनेही वर जाऊ शकतो, म्हणून दोन हवेत असं ठरलं. पुढे रक्त तपासायच्या पद्धती बदलल्या तसे आकडे थोडे सरकले, पण “दोन हवेत” ही अट तशीच राहिली.

बाळाचा प्रश्न नीट विचारला गेला तो २००८ साली जाहीर झालेल्या हापो अभ्यासात. नऊ देशांतल्या सुमारे २३ हजार बायकांना ७५ ग्रॅम ग्लुकोज दिलं, साखर मोजली, आणि फार जास्त नसेल तर तो आकडा डॉक्टरांनाही कळू दिला नाही. बाळंतपण झाल्यावर बाळांची वजनं आणि आयांची साखर एकमेकांसमोर मांडली. उपाशीपोटी साखर ७५ च्या खाली असलेल्यांमध्ये शंभरातली पाच बाळं फार मोठी निघाली, १०० किंवा वर असलेल्यांमध्ये सव्वीस. मधे कुठेही पायरी सापडली नाही. घाट चढतो तसा धोका सलग चढत जातो. मग ९२ आला कुठून? अभ्यासातल्या बायकांची उपाशीपोटी सरासरी ८१ होती. त्या सरासरीच्या तुलनेत बाळ फार मोठं होण्याची शक्यता पावणेदोन पट होते ती जागा ९२. “पावणेदोनऐवजी दोन पट धरा” असं म्हणणारेही होते, आणि त्यांचं ऐकलं असतं तर रेषा ९५ वर गेली असती. तेव्हा तुमचा हाच ९४ अहवालात नॉर्मल म्हणून छापला गेला असता! घाटात कुठेतरी दगड रोवायलाच लागतो, तो माणसांनी बसून रोवला.

पण याच अभ्यासातून “एक पुरे” हा नियमही आला, आणि तो उगाच कडक नाही. तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि बऱ्याच बायकांचा एकच बिघडतो. उपाशीपोटीची साखर जेवणातून येत नाही, ती रात्रभर यकृत सोडत असतं. सहाव्या-सातव्या महिन्यात वारेतली संप्रेरकं इन्शुलिनला विरोध करू लागतात. तो विरोध मोडून यकृताला आवरण्याइतकं इन्शुलिन स्वादुपिंडाला पुरवता आलं नाही, की पहाटेचा आकडा चढतो. उलट ग्लुकोज प्यायल्यानंतरचे आकडे सांगतात की अचानक आलेला लोंढा शरीर किती झटपट पेलतं. तुमचं शरीर लोंढा छान पेलतंय. रात्रीच्या आवराआवरीत किंचित कमी पडतंय.

आता सिस्टर. त्यांची टिंगल कुणी करू नये. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेली ही पद्धत केंद्र सरकारने राष्ट्रीय मार्गदर्शिकेत घेतली आहे: पोटात काही असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, दोन तासांनी एकच आकडा, रेषा १४०. वाडीवरून दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला “उद्या उपाशी ये” म्हटलं तर ती येतच नाही, हे मी माझ्या तालुक्यात वर्षानुवर्षं पाहिलंय. तिला त्याच दिवशी तपासता येणं फार मोलाचं आहे. पण या चाचणीला पहाटेची साखर दिसतच नाही. फक्त उपाशीपोटीचा आकडा वर असलेली बाई तिच्या जाळीतून निसटते, आणि हापोत एकूण सापडलेल्यांपैकी निम्म्या बायका एकट्या उपाशीपोटीच्या आकड्यावरच सापडल्या होत्या. एकदा सगळे तीन आकडे हातात आल्यावर १२८ दाखवून ९४ झाकता येत नाही.

धंद्याबद्दल: शंका रास्त आहे, आणि तिच्या बाजूने पुरावाही आहे. २०२१ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात ७५ ग्रॅमच्या पद्धतीने साडेसोळा टक्के बायकांना मधुमेहाचं लेबल लागलं, दोन टप्प्यांच्या पद्धतीने साडेआठ टक्क्यांना, आणि फार मोठी बाळं किंवा सिझेरियन यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. मग मी ९२ ला का चिकटून आहे? कारण २०२२ साली न्यूझीलंडमधून दुसरं उत्तर आलं. तिथे ९२ आणि ९९ या दोन रेषांची तुलना झाली. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर इथेही फरक नाही. पण दोन रेषांच्या मधल्या पट्टीतल्या, म्हणजे नेमक्या तुमच्यासारख्या बायका वेगळ्या काढल्या, तर उपचार मिळालेल्यांची शंभरात सहा बाळं फार मोठी होती आणि न मिळालेल्यांची अठरा. फुकट मात्र काही नाही: उपचार मिळालेल्यांना औषधंही जास्त लागली आणि कळा सुरू करण्याचे प्रसंगही जास्त आले.

आता तुमचा ९४ हा खरंच ९४ आहे का? त्याच बाईचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं तर ९० किंवा ९७ येऊ शकतो. नमुन्याचा प्रवासही महत्त्वाचा. नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के. करड्या झाकणाच्या नळीत ते थांबवायला फ्लोराइड असतं, पण त्याचा पूर्ण अंमल व्हायलाही तास-दोन तास जातात. माझ्या एका पेशंटचं रक्त एका संकलन केंद्रावर सकाळी साडेसातला काढलं आणि मुख्य प्रयोगशाळेत दुपारी पोचलं, उपाशीपोटी ८३. मला पटेना. आठवड्याने माझ्यासमोर रक्त काढून लगेच यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करून घेतल्या, ९६. म्हणजे उशिराने आकडा घसरतो, खोटा वर जात नाही. खोटा वर जायला दुसरी कारणं लागतात: सकाळचा अर्धा कप चहा, आठ तासांपेक्षा कमी उपास, अंगात ताप. यातलं काही झालं असेल तर चाचणी पुन्हा करा. काही झालं नसेल तर नॉर्मल आकडा मिळेपर्यंत प्रयोगशाळा बदलत फिरू नका. तीन ठिकाणी फिरलात तर एक नॉर्मल मिळेलच, त्यातून कळणार काही नाही.

त्यापेक्षा दोन आठवडे घरी मोजा. ग्लुकोमीटर घ्या, दिवसातून चार वेळा: सकाळी उठल्या उठल्या, आणि तिन्ही जेवणांनंतर, पहिल्या घासापासून दोन तास मोजून. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर १२० च्या खाली हवी. तुमची अडचण पहाटेची आहे, म्हणून दुपारची पोळी कापण्याआधी रात्रीचं बघा. जेवण साडेदहावरून आठवर आणा, भात निम्मा करून उसळ वाढवा, जेवल्यावर वीस मिनिटं चाला, झोपताना मूठभर फुटाणे किंवा बिनसाखरेचं कपभर दूध घ्या. उपाशी मात्र झोपू नका. तसं केलं तर लघवीत कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळत असल्याची खूण, येतात. दोन आठवड्यांत सकाळचे बहुतेक आकडे ९५ च्या खाली राहिले तर गोळी नाही, इन्शुलिन नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस मोजत राहायचं आणि बाळाची वाढ सोनोग्राफीत बघायची. सकाळचे आकडे ९५ च्या वरच राहिले तर तुमचे डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा रात्रीच्या इन्शुलिनचा विषय काढतील, आणि तेव्हा तो योग्य असेल. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० असतं तर मी दोन आठवडे थांबायला सांगितलंच नसतं, तो आधीपासूनचा मधुमेह धरतात.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची, तेव्हा नेहमीचे, गरोदरपणाबाहेरचे आकडे लावतात. ती बहुतेक जणी विसरतात, बाळाच्या लसीच्या तारखेशी जोडून ठेवा.

राहता राहिलं डोहाळजेवण. ते रद्द करू नका. ओटीतली फळं एका दिवसात संपवायची नसतात, आणि ताटातल्या पाच गोडांतलं आवडीचं एक निवडा. दोन तासांनी बोट टोचा, आणि १५० आला तर वहीत १५०च लिहा. माझ्याकडे दर महिन्याला अशा वह्या येतात ज्यांत सणाच्या दिवशीही ११८ असतं.