नाव झाका, आडनाव विचारा

अभिनंदन! तुमच्या कंपनीत आता ‘अंध निवड’ सुरू झाली. अर्जातलं नाव, फोटो आणि कॉलेज, तिन्हींवर काळी पट्टी. लिंक्डइनवर पोस्ट पडली, ऑफिसात संत्रा बर्फी वाटून झाली. असाच पट्ट्या मारलेला अर्जांचा एक गठ्ठा गेल्या आठवड्यात पाहण्यात आला, तेव्हापासून या चार सूचना पोटात राहत नाहीयेत.

तर पट्टी मारायची कशी? सोपं आहे. पीडीएफ उघडा आणि नावावर एक काळा चौकोन काढा. तो चौकोन अक्षरांच्या वर जाऊन बसतो, खालची अक्षरं जागची हलत नाहीत. सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवलं की नाव, कॉलेज, मोबाइल नंबर, सारं हजर. एवढेही कष्ट नको असतील तर एक ओळ पुरते:

```
pdftotext resume.pdf -
```

फाइलचं नाव `Shabana_Resume_Final2.pdf` असेल तर तेही तसंच असू द्या. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये `Author`च्या पुढे काय लिहिलंय ते बघायची गरज नाही, आणि ईमेल आयडी तर काय, संपर्कासाठी लागतोच. पत्ताही ठेवा. मोमिनपुरा, इंदोरा किंवा धरमपेठ अशी वस्ती वाचून नागपूरच्या माणसाला जातधर्माचं काही कळत असेल, असा संशय घेणंच पाप.

फोटो काढलात ना? मग ‘वडिलांचे नाव’ आणि ‘वैवाहिक स्थिती’ हे रकाने राहिले तरी चालतील.

पट्टी मारणारा आणि गुण देणारा माणूस एकच ठेवा, पगार वाचतो.

आता कॉलेज. नाव खोडा, पण खाली ‘आरोहीच्या आयोजन समितीत दोन वर्षे’ ही ओळ सोडा. आरोही कुठलं गॅदरिंग हे नागपुरात चहावाल्यालाही ठाऊक आहे, पॅनलला मात्र व्हीएनआयटी आठवणारच नाही. आणि समजा सगळं खरोखर नीट झाकलं, एकही धागा सुटला नाही, तर पुढची गंमत बघा.

टेबलावर दोन अर्ज आहेत. पहिल्यात ८.९ सीजीपीए, पुण्यात दोन महिने बिनपगारी इंटर्नशिप, इंग्रजी गुळगुळीत. दुसऱ्यात ७.१, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि पदवीनंतर चौदा महिन्यांचा खंड. दुसरी मुलगी गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळेतून आलेली, बारावीऐवजी डिप्लोमा केला कारण लवकर कमावतं व्हायचं होतं, त्या चौदा महिन्यांत आरमोरीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. पण तुमच्या टेम्प्लेटमध्ये शाळा, गाव आणि संस्था यांच्यावर पट्टी आहे. ‘कॉम्प्युटर क्लास, आरमोरी’ हेसुद्धा संस्थेचं नाव, म्हणून गेलं. उरलं काय? ७.१ आणि एक भोक. कटऑफ ७.५. झालं, बाहेर!

बरं, तो ८.९ आणि हा ७.१ एकाच तराजूतले आहेत का? स्वायत्त कॉलेज पेपर स्वतः काढतं आणि स्वतःच तपासतं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठाचा, तपासणीही त्याचीच. कॉलेज दिसत होतं तेव्हा निदान जाणकार माणूस मनातल्या मनात हिशेब करायचा. तो हिशेब कधी न्याय्य असायचा, कधी निव्वळ माज असायचा, हे मान्य. आता तो हिशेबही गेला आणि दोन वेगळ्या मापांचे आकडे दशांशासकट शेजारी बसले. यालाच तुम्ही निष्पक्षता म्हणता. बापा! ज्या बिनपगारी इंटर्नशिपला जायला पुण्यातल्या दोन महिन्यांच्या भाड्याचे पैसे घरात असावे लागतात, ती मात्र ‘अनुभव’ या मथळ्याखाली ठळक अक्षरांत शाबूत आहे. ती का नाही झाकली हो? तीही ओळखच आहे ना?

आणि हे घडतं, असं उगाच म्हणत नाही. फ्रान्समध्ये २०१०-११ साली सरकारी रोजगार सेवेने नाव-पत्ता काढलेल्या अर्जांचा मोठा प्रयोग केला. त्यात सहभागी झालेल्या कंपन्यांकडून स्थलांतरितांच्या मुलांना मुलाखतीचं बोलावणं वाढलं नाही, उलट कमी झालं. अभ्यासकांनी दोन कारणं मांडली. एक तर प्रयोगात स्वखुशीने आलेल्या कंपन्या आधीपासूनच या उमेदवारांकडे बऱ्या नजरेने पाहणाऱ्या होत्या. दुसरं म्हणजे नाव आणि वस्ती दिसत असताना वाचणारा अर्जातल्या खंडाला थोडी सवलत द्यायचा. पट्टी आली, सवलत गेली, खंड तेवढा राहिला.

म्हणजे पट्टी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. कागद सारखा आणि नाव वेगळं म्हणून जो अर्ज टोपलीत जातो, तो पट्टीने वाचतो. औषध खरं आहे, पण एवढ्याच दुखण्यावरचं. कागदच वेगळा असेल तर पट्टीला त्यातलं काही कळत नाही.

शेवटची सूचना मुलाखतीची. उमेदवार आत आला, खुर्चीवर बसला की पहिला प्रश्न: “मूळ गाव कुठलं?” दुसरा: “आडनाव काय म्हणालात?” उत्तर नीट कळलं नाही तर: “नाही, म्हणजे मूळचं आडनाव?” तीन आठवडे पट्ट्या मारून जे झाकलं, ते तीन मिनिटांत टेबलावर.

काय चाललंय हे? लाज वाटत नाही का? पट्टी हा सगळ्यात स्वस्त भाग होता, म्हणून तेवढाच उचललात. गठ्ठा उघडण्याआधी निकष लिहायचे होते. चारच, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि २ कशाला द्यायचे हे एका वाक्यात. दोघांनी वेगवेगळं तपासायचं, गुण देऊन होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. आधी सगळ्या अर्जांचा पहिला निकष, मग सगळ्यांचा दुसरा, म्हणजे एका गुळगुळीत इंग्रजीचा रंग बाकीच्या रकान्यांवर चढत नाही. खंडाला गुणच नाहीत, वजाही नाही आणि जमाही नाही. सीजीपीएचा कटऑफ काढून सगळ्यांना तेच पाऊण तासाचं काम द्या आणि त्याची उत्तरपत्रिका मात्र खुशाल नाव झाकून तपासा, कारण तिथे झाकल्याने हिशेबातलं काही हरवत नाही. मुलाखतीत प्रश्न आधी छापलेले, सगळ्यांना तेच, गाव आणि आडनाव वर्ज्य.

आणि निवड संपल्यावर पट्ट्या काढून मोजा: अर्ज किती आले, शॉर्टलिस्ट किती, मुलाखतीला किती, घेतले किती, आणि प्रत्येक टप्प्यावर कोण गळलं. हे मोजायला एक दुपार लागते. ती दुपार तुम्ही काढत नाही, कारण पहिल्याच रकान्यात दिसेल की अर्ज मागवले होते दोनच कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलकडून. गडचिरोलीच्या त्या मुलीसारख्या बाकीच्यांपर्यंत तुमची जाहिरात पोचलीच नव्हती, आणि तुम्ही इथे बसून नावं झाकताय!