बादलीत बादली, मगात मग

तुमचं बाथरूम चार बाय सहा फुटांचं असेल, तर तुम्ही आमच्यातलेच. डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेवढ्यात कमोड आहे, बेसिन आहे, डोक्यावर गीझर आहे आणि शॉवरही आहे. शॉवर आजवर दोनदा चालू झाला. एकदा तो चालतो हे दाखवायला प्लंबरने सोडला, आणि एकदा माझ्या कोपराने. बाकी आमच्याकडे आंघोळ म्हणजे बादली, मग आणि बूड टेकायला काहीतरी. हे सगळं एवढ्याशा जागेत कसं बसवावं, हे मी अनुभवाने सांगू शकतो. माझं ऐकाच.

पहिली गोष्ट, टेप घेऊन बाथरूममध्ये जाऊ नका. मोजमाप करणाऱ्या माणसाला खरेदीची मजा येत नाही. आम्ही थेट वीस लिटरच्या तीन बादल्या आणल्या: एक आंघोळीची, एक कपडे भिजवायची आणि एक ‘असू दे’ म्हणून. घरी आल्यावर कळलं की नळाची तोटी बादलीच्या काठापेक्षा दोन बोटं खाली आहे. म्हणून बादली तिरकी धरून तोटीखाली सरकवायची. तिरक्या बादलीत पाणी खालच्या काठापर्यंतच चढतं, पुढचं सरळ जाळीकडे. वीस लिटरचे पैसे देऊन बारा-तेरा लिटर पाणी घेण्याची ही सोय कुठल्याच लेबलवर लिहिलेली नसते.

दुसरं, दरवाजा कुठे उघडतो ते बघू नका. आमचा आत उघडतो. दोन फुटी दार फिरताना चार बाय सहामधला मोठा घास घेतं, आणि कमोडने घेतलेली जागा वजा केली की बादलीसाठी एकच कोपरा उरतो. दाराच्या वाटेतला. त्यामुळे कोण आत शिरलं ते घरभर ऐकू येतं.

आता या तीन बादल्या ठेवायच्या कशा? सोपं आहे, एकात एक घालायच्या. ओल्याच. जागा एका बादलीची, माल तिघींचा. काठावर थोडं पाणी असलं की ते दोन्ही बादल्यांमधली फट बुजवतं आणि आतली हवा कोंडली जाते. मग तुम्ही वरची ओढली की खालीही हवा शिरत नाही आणि वरची हलतही नाही. रविवारी सकाळी आमच्याकडे बायको खालची बादली दोन पायांत धरते आणि मी वरचीची कडी ओढतो. शेवटी सुटतो तो कडी अडकवायचा कान. काही लोक दोन बादल्यांमध्ये सुतळीचा जाडसर तुकडा टाकतात, त्यातून हवा जाते आणि बादली अलगद निघते. काही लोक फटीत प्लास्टिकची पट्टी सरकवतात. अशा लोकांच्या घरी रविवारी बोलायला विषय काय असतो, देव जाणे.

मधल्या बादलीच्या तळाशी उरलेलं वाटीभर पाणी तसंच असू द्या. ते वाळत नाही, आठवड्याभरात तळ बुळबुळीत होतो आणि त्यात पडलेला मग हातातून माशासारखा निसटतो. शिवाय डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्याची मादी पाण्याच्या वरच्या रेषेला, बादलीच्या भिंतीवर अंडी चिकटवते. पाणी नुसतं ओतून दिलं तरी अंडी राहतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की उबतात. आठवड्यातून एकदा काथ्याने कड घासली तर निघतात म्हणे. पण महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन तपासायला येतात, त्यांना चार पायऱ्या चढून आल्याचं काहीतरी दाखवायला नको?

मग, साबण, दगड आणि घासणी यांच्यासाठी मी भिंतीला चिकटणारं रॅक आणलं. रबरी वाटीवालं. वाटी भिंतीला दाबली की आतली हवा निघते आणि ते धरून राहतं, म्हणजे बादल्यांचंच तत्त्व, फक्त इथे ते हवं तेव्हा चालत नाही. त्याला गुळगुळीत, कोरडी टाइल लागते. आमच्या टाइलवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आहे, त्यावर साबणाची साय आहे, आणि एक वाटी नेमकी दोन टाइल्सच्या जोडावर येते. जोडातून हवा हळूहळू आत शिरते. हळूहळू म्हणजे रात्री अडीचपर्यंत. पहिल्या रात्री चोर आला असं वाटून आम्ही झाडू घेऊन उठलो.

मग डिंकाच्या पट्टीवालं आणलं. त्यावर सूचना होती की चिकटवल्यावर चोवीस तास पाणी लागू देऊ नका. आम्ही ते रात्री दहाला लावलं. सकाळी सहाला नळाला पाणी येतं. तुम्हीही असंच करा, सूचना इतरांसाठी असतात.

राहिला ड्रिलचा मार्ग. तो तर भारीच आहे. भिंतीतला पाइप बहुधा नळाच्या सरळ वर आणि गीझरच्या सरळ खाली असतो, त्यामुळे भोक तिथेच पाडावंसं वाटतं, कारण मग हाताशी येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी पाडलं. आता त्यांचा मग टांगलेला आहे आणि आमच्या छताला ओल आहे.

बसायच्या वस्तूंवर मात्र मी सर्वात जास्त खर्च केला. भिंतीला लावायची घडीची सीट आणली, उघडली की बसा, मिटली की जागा मोकळी. दिसायला फार छान. तिच्यावर बसलं की वजन पुढे येतं आणि वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढले जातात. ते विटेत रुतलेले असले तर धरतात. बोटाने ठोकून टाइल पोकळ वाजली, तर तिथे स्क्रूला धरायला नुसती टाइल असते. आमची ठण्‌ठण्‌ वाजते. सीट बसवणाऱ्याने ठोकून पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सामान आवरलं. सीट खोक्यात आहे, खोकं माळ्यावर.

मग स्टूल. प्लास्टिकचं, फूटभर उंच. न्हाणीला जाळीकडे उतार असतो, म्हणून स्टूलचा एक पाय अधांतरी राहतो आणि आंघोळ करताना बैलगाडीत बसल्याचा भास होतो. शिवाय स्टूल उंच, बादली खाली, म्हणजे दर मगाला वाकायचं. साताऱ्याहून आलेल्या आईला ते जमेना. जुना लाकडी पाट तिच्या गुडघ्यांना पार खाली पडतो, म्हणून तो मी कधीचा बाल्कनीत टाकला होता.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळ करून आल्यावर आत गेलो. पाट बाथरूममध्ये आला होता. तिने त्यावर बादली ठेवून, स्टूलवर बसून, न वाकता आंघोळ केली होती. स्टूलच्या अधांतरी पायाखाली जुन्या चपलेचा तुकडा होता. आंघोळ झाल्यावर पाट भिंतीला उभा आणि बादली पालथी, एक कड पाटाच्या खुरावर टेकलेली, म्हणजे खालून वारा जाईल. मग खिडकीच्या गजाला सुतळीने टांगलेला, तोंड खाली.

“हे सगळं हलवलंस ते?” मी विचारलं.

“अरे, कोरडं नको राहायला?” ती म्हणाली. “आणि त्या दोन बादल्या कुणाच्या रे? त्या निघतच नाहीत.”

मी तिला सांगितलं की पाट पाण्याने कुजेल. ती म्हणाली, तुझ्या आजोबांनी केलाय, सागाचा आहे. मी गप्प बसून मोबाइलवर गुळगुळीत टाइलशिवायही चिकटणारं रॅक बघू लागलो.