सड्यावरचा ट्रान्सफॉर्मर रात्री बंद का करू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "रात्रीच्या लॉसचा उगाच बाऊ केलाय. सोलरचा सरासरी लोड २४ टक्के, त्याचा वर्ग केला की कॉपर लॉस नगण्यच. उरला कोअर लॉस. मग संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर बंद करायचा, सकाळी चालू करायचा. रत्नागिरीच्या सड्यावरच्या प्लांटला तुम्ही हे का सुचवत नाही?"

उत्तर: आधी वर्गाचं पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. कॉपर लॉस म्हणजे वाइंडिंगच्या तारा तापण्यात जाणारी वीज; तो लोडच्या वर्गाप्रमाणे बदलतो, हे बरोबर. कोअर लॉस लोखंडी गाभ्यात होतो आणि लोड असो वा नसो, चालूच राहतो. पण आधी सरासरी काढून मग वर्ग केला की उत्तर चुकतं. दर तासाच्या लोडचा वर्ग करायचा आणि मग त्या वर्गांची सरासरी काढायची.

हिशेबापुरता १२.५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेऊ. नो-लोड लॉस म्हणजे कोअर लॉस ८ किलोवॅट, पूर्ण लोडवरचा लोड लॉस म्हणजे कॉपर लॉस ६० किलोवॅट. तुमच्या टेस्ट रिपोर्टमधले आकडे इथे घालून पाहा. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी दहा तास निर्मिती होते, दुपारी लोड ९० टक्क्यांवर जातो आणि आलेख कमानीसारखा असतो. चोवीस तासांची सरासरी तुम्ही म्हणता तशी २४ टक्केच येते आणि तिचा वर्ग धरला तर दिवसाचा कॉपर लॉस ८३ युनिट. खरा लॉस मात्र २४३ युनिट, जवळजवळ तिप्पट, कारण तो बहुतेक सगळा दुपारच्या चार-पाच तासांत होतो. त्याच दिवशी कोअर लॉस १९२ युनिट. म्हणजे कोरड्या दिवसांत कॉपर लॉस नगण्य तर नाहीच, उलट तोच मोठा आहे.

पावसाळ्यात चित्र उलटतं. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. लोड एक तृतीयांशावर आला की कॉपर लॉस नवव्या भागावर येतो, साधारण २७ युनिट. कोअर लॉस तसाच १९२. कोकणातल्या प्लांटला कोअर लॉस जास्त जाचतो तो या चार महिन्यांमुळे.

आता रात्री बंद करण्याबद्दल. निर्मिती नसलेल्या चौदा तासांत ११२ युनिट जातात, वर्षाला सुमारे ४१ हजार. ही वीज ग्रिडकडून घ्यावी लागते, म्हणून तुमची कळकळ रास्त आहे. पण हे ४१ हजार युनिट वाचवताना इथल्या हवेत काय पणाला लागतं ते बघा. नुसत्या कोअर लॉसच्या उष्णतेने टाकीतलं वरचं तेल बाहेरच्या हवेपेक्षा आठ-दहा अंश गरम राहतं. ती ऊब काढून घेतली की तेल आणखी आकसतं आणि टाकी ज्यातून हवा आत-बाहेर करते त्या ब्रीदरमधून रात्रीची दमट हवा जास्त आत ओढली जाते. ब्रीदरमधलं ओल शोषणारं सिलिका जेल लवकर संपतं, त्यानंतरची ओल थेट तेलात आणि तिथून कागदी इन्सुलेशनमध्ये उतरते. जेलचा रंग खालून वर बदलत गेला तर ब्रीदर नीट काम करतोय. वरच्या थराचा रंग आधी बदलला तर हवा पाइपच्या किंवा गॅस्केटच्या फटीतून शिरते आहे. आधी ती फट शोधा.

शिवाय समुद्रावरून आलेलं मीठ बुशिंगवर, म्हणजे वीजवाहक टाकीबाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरवर, बसलेलं असतं. पहाटेच्या दवाने ते ओलं झालं की पृष्ठभागावरून करंट वाहू लागतो आणि तुम्ही नेमकं त्याच वेळी व्होल्टेज देणार. प्रत्येक चालू करण्याला क्षणभर मोठा इनरश करंट येतो, तो पूर्ण लोडच्या करंटच्या सहा ते आठ पट असू शकतो. वाइंडिंगला असा झटका वर्षातून चार-सहा वेळा बसणं वेगळं आणि ३६५ वेळा बसणं वेगळं. एम-१ वर्गाच्या ब्रेकरची यांत्रिक चाचणी २,००० ऑपरेशनची असते. रोज एक धरलं तर साडेपाच वर्षांत तेवढी होतात. एम-२ वर्गाची १०,००० असते, तिथे ब्रेकरची अडचण नाही, बाकीच्या तशाच राहतात. आणि कंट्रोल रूम, बॅटरी चार्जर, कॅमेरे याच ट्रान्सफॉर्मरमधून वीज घेत असतील तर त्यांना दुसरा फीडर लागेल.

ही बचत खरेदीच्या वेळी करायची असते. वरच्याच आलेखावर आठ कोरडे आणि चार पावसाळी महिने धरले तर नो-लोड लॉसचा एक किलोवॅट वर्षाला ८,७६० युनिट खातो, लोड लॉसचा एक किलोवॅट सुमारे १,०४०. समजा दोन निविदा आल्या: एक ८ आणि ६० किलोवॅटची, दुसरी ६ आणि ६८ची. दोन्ही लॉसची नुसती बेरीज केली तर दुसरी वाईट दिसते, ६८ऐवजी ७४. वर्षाचा हिशेब केला तर पहिली १,३२,४८० युनिट खाते आणि दुसरी १,२३,२८०. दुसरीत दरवर्षी ९,२०० युनिट वाचतात आणि तेही ब्रेकरला हात न लावता.

ट्रान्सफॉर्मर आधीच बसलेला असेल तर रात्रीचं व्होल्टेज नोंदवून पाहा. लाइनवर लोड नसताना ते पाच टक्के चढलं तर कोअर लॉस दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. ते कायमच चढं राहत असेल तर ग्रिडच्या बाजूच्या वाइंडिंगचा टॅप जास्त वेढ्यांकडे सरकवा. ऑफ-सर्किट टॅप असेल तर हे काम ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी बंद करूनच करायचं, आणि आधी दुपारच्या पूर्ण लोडवर इन्व्हर्टरला किती व्होल्टेज मिळेल ते तपासायचं.