नानांच्या गिरणीसाठी एक परिच्छेद

दळणाचे पैसे कधी राउंड फिगरमध्ये होत नाहीत. डबा काट्यावर ठेवला की ४ किलो ३०० ग्रॅम भरतो, १० रुपये किलोने ४३ होतात, मी पन्नासची नोट काढतो आणि नाना पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणतात, "सुट्टे नाहीत. पुढच्या दळणात वळते करू." हे सात रुपये नाना कुठे लिहून ठेवत नाहीत, डोक्यात ठेवतात. तिथे माझ्या सातच्या शेजारी पहिल्या मजल्यावरच्या आजींचे तीन आणि क्लासवाल्या मॅडमचे आठही असतात. नानांची स्मरणशक्ती दांडगी आहे, फक्त एकाच बाजूची. कुणाकडून काय यायचंय ते त्यांना पाठ असतं. कुणाला काय द्यायचंय ते मात्र पिठाबरोबर उडून जातं.

शेवटी सोसायटीने ठरवलं की नानांना क्यूआर लावायला सांगायचं. सेक्रेटरींनी मजकूरही तयार केला: "आदरणीय नाना, डिजिटल क्रांतीच्या या युगात..." मी म्हटलं, अहो, नाना युगात राहत नाहीत, गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. यावर ग्रुपवर एकमताने ठराव झाला की मग तुम्हीच लिहा. मराठी माणसाला गप्प बसवायचा हा सर्वांत जुना उपाय आहे.

लिहिण्याआधी नानांचं म्हणणं ऐकून घ्यावं म्हणून गिरणीत गेलो. गिरणी चालू असताना नाना बोलणं ऐकत नाहीत, ओठांवरून ओळखतात. त्यामुळे मी "क्यूआर" म्हटल्यावर त्यांनी "ज्वार? ती परवा" असं उत्तर दिलं. बाजरी संपेपर्यंत थांबलो.

पट्टा थांबला आणि नानांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मधला किती खाणार?" प्रश्न चोख होता. जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही, असा नियम आहे. ४३ आले की ४३च जमा होतात. खर्च असलाच तर तो बोलणाऱ्या डब्याचा. "त्रेचाळीस रुपये प्राप्त झाले" असं ओरडणारा तो साउंडबॉक्स बहुतेक जण महिन्याच्या भाड्याने देतात, शंभर-सव्वाशेच्या घरात. काही ठिकाणी तो फुकटही मिळतो. म्हणजे विचारून, घासाघीस करून घ्यायचा. घासाघीस म्हटल्यावर नानांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी उत्सुकता दिसली.

दुसरा मुद्दा त्यांनी पेपरच्या घडीतून काढला. जुलै २०२५ मध्ये बंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयवरची जमा बघून जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या आणि कित्येकांनी क्यूआर उतरवून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या होत्या. नाना कात्रणं जपतात. मी खोटं बोललो नाही. बँकेतली जमा दिसते, लपत नाही, हे मान्य केलं. मग तिथेच दळणाच्या पाटीवर खडूने हिशोब मांडला. दिवसाला दीडशे किलो दळण म्हणजे दीड हजार रुपये. वर्षात तीनशे दिवस गिरणी चालली, तर साडेचार लाख. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी लागते ती साधारण २० लाखांच्या वर. म्हणजे तिथवर पोचायला नानांना आणखी तीन गिरण्या टाकाव्या लागतील आणि तरीही थोडे कमीच पडतील. नाना पाटीकडे बघत राहिले. भीती गेली होती, पण आपला धंदा इतका छोटा आहे हे असं खडूने लिहिलेलं त्यांना आवडलं नाही. त्यांनी ते पुसून टाकलं.

खरी अडचण पुढे होती. पैसे आले हे कळणार कसं? गिऱ्हाईक मोबाईल नाचवून हिरवी टिक दाखवतं, पण तशी टिक दाखवणारी नकली अ‍ॅप्स असतात आणि कालचा स्क्रीनशॉट आज दाखवणारे महाभागही असतात. म्हणून डबा. पण गिरणीत डब्याचा आवाज कुणाच्या बापाला ऐकू येणार? आम्ही एकाचा उसना आणून पाहिला. चक्की फिरायला लागल्यावर तो जे काही बोलला ते बोलला. डब्यात त्याचं स्वतःचं सिमकार्ड असतं, त्याला नानांच्या मोबाईलजवळ राहायची गरज नाही, म्हणून तो मागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचं ठरलं. तिथे काकू असतात. पैसे आले की त्यांनी खिडकीतून बोटं दाखवायची.

आणि पीठ. पीठ सगळीकडे बसतं, स्टिकरवरही. क्यूआर तसा चिवट असतो. तो कसा छापलाय त्यानुसार ७ ते ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता येतो. पण तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन झाकले गेले की कॅमेरा हात टेकतो. त्यात काळ्यावर पांढरं म्हणजे नेमकं चुकीचं.

एवढं झाल्यावर लिहिलं ते असं:

"नाना, दळणाच्या पैशातून कुणी काही कापणार नाही. डब्याचं भाडं ठरवून घ्या. गिऱ्हाइकाचा मोबाईल बघू नका, डबा बोलला तरच पैसे आले असं समजा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. जो पिन टाका म्हणेल तो चोर. रोज सकाळी स्टिकर फडक्याने पुसा आणि एकदा स्कॅन करून तुमचंच नाव येतंय ना ते बघा, कारण रात्रीत वर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून जाणारेही आहेत. कुणाचे पैसे कापले गेले पण तुमच्याकडे आले नाहीत, तर ते त्याच्याच खात्यात पाच दिवसांत परत जायला हवेत असा नियम आहे. दळण द्या, नंतर मागा, माणसं ओळखीचीच आहेत. ज्याला रोख द्यायचेत त्याचे रोख घ्या. आणि सात रुपये लक्षात ठेवायचा त्रास वाचेल."

शेवटचं वाक्य सेक्रेटरींना टोचरं वाटलं. मी ठेवलं.

नानांनी परिच्छेद दोनदा वाचला, चष्म्यावरचं पीठ पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "नाव कोणाचं येणार?" मग कळलं की नानांचा मोबाईल बटणांचा आहे. नोंदणीला स्मार्टफोन हवा आणि त्यातला नंबर बँकेच्या खात्याला जोडलेला हवा. असा फोन त्या घरात एकच, काकूंचा. खातंही काकूंचं. म्हणजे दळण नानांनी दळायचं, आवाज काकूंनी ऐकायचा आणि पैसे काकूंच्या खात्यात. आजवर गल्ल्यातून चहा, पान आणि दुपारच्या रमीचे जे सुट्टे बाजूला निघत होते त्यांचं काय, हे नानांनी विचारलं नाही. पण परिच्छेदात त्याचं उत्तर नव्हतं, हे त्यांच्या नजरेने मला कळवलं.

काकूंनी मात्र परिच्छेद एकदाच वाचला आणि त्याच संध्याकाळी नोंदणी करून टाकली.

आता गिरणीच्या दारात काकूंच्या नावाचा क्यूआर आहे, काचेसारखा स्वच्छ. काल डबा घेऊन गेलो. ४६ रुपये झाले. मी मोबाईल काढला, तसे नाना खिडकीकडे एक डोळा ठेवून जवळ आले आणि चक्कीच्या आवाजात ओठ हलवत म्हणाले, "रोख असतील तर चाळीसच द्या. आणि ते तुमचे मागचे सात पण वळते झाले."

सहा सुटले आणि सातही वळते झाले, म्हणजे नक्की किती द्यायचे, हे आमचं अजून ठरायचंय.