150 रुपयांची कटिंग

आज खरंच डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. न्यूजर्सीचा मावसभाऊ आलाय, सकाळी त्याला माझ्या नेहमीच्या सलूनमध्ये घेऊन गेलो. 150 रुपये झाले. बाहेर पडताना हसत म्हणाला, तिकडे याचे 30 डॉलर घेतात रे, तुम्ही लोक मजेत आहात!

मजेत कोण? माझे केस ज्याने कापले तो? त्या 150 मधले अर्धे मालकाचे असतात.

नुसत्या कटिंगवरून हिशोब केला तर 30 डॉलर म्हणजे 150 रुपये, म्हणजे डॉलर 5 रुपयांना पडला. आता दादाचा फोन घ्या, तिकडे 600 डॉलर, इथे टॅक्ससकट 60,000. म्हणजे डॉलर 100 रुपये! फोन जहाजातून, विमानातून कुठेही जातो म्हणून त्याचा भाव सगळीकडे साधारण सारखाच राहतो, वर ज्याचा त्याचा टॅक्स. न्यूजर्सीचं गिऱ्हाईक मात्र केस कापायला दादरला येत नाही. अशा शेकडो वस्तूंचे भाव देशोदेशी गोळा करून, लोक कशावर किती खर्च करतात ते बघून डॉलरच्या अशा भावांची जी सरासरी काढतात, ती पीपीपी, म्हणजे खरेदीच्या ताकदीवरून पडणारा डॉलरचा भाव. जागतिक बँकेच्या 2017 च्या मोजणीत ती डॉलरला साधारण 20.65 रुपये आली, तेव्हा बाजारात डॉलर 65 च्या आसपास होता.

आणि तिकडचा न्हावी काही कितीतरी पट वेगाने कात्री चालवत नाही हो. तिथल्या कारखान्यात, ऑफिसात पगार मोठे, न्हाव्याला तेवढे मिळाले नाहीत तर तो दुकान सोडून तिकडे जाईल, म्हणून त्याचाही दर वर चढतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी 1964 मध्येच हे मांडलंय. म्हणजे आपली स्वस्ताई ही दुसऱ्या कुणाचा तरी कमी पगार आहे.

बरं, मान्य, पीपीपीने मोजलं नाही तर आपण आहोत त्याहून जास्त गरीब दिसू, इथे भाजी, रिक्षा, डॉक्टर खरंच स्वस्त आहे. पण तो आकडा अख्ख्या देशाचा. आमचा न्हावी नालासोपाऱ्यात जे भाडं भरतो ते गावाकडच्या त्याच्या भावाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

दादावर राग नाही खरं तर, तो मनाने चांगला आहे, आणि मी स्वतः पंधरा वर्षं त्याच सलूनमध्ये जातोय, मलाही ते 150 कधी खुपले नाहीत. आज खुर्चीत बसलो होतो तेव्हा न्हाव्याचा फोन समोर आरशाखाली ठेवलेला, स्क्रीन कोपऱ्यापासून फुटलेली. पोराचा अभ्यास त्याच्यावरच चालतो. बदलायला 4,000 सांगितलेत म्हणाला. अर्धे मालकाला देऊन 54 डोकी झाली ना.

तिकडच्या त्या 30 डॉलरवाल्याला अर्धे देऊनसुद्धा तीन-चारच लागतील.